रुमालाखालचा भाव आणि फोनमधला भाव
घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत थेट माल विकणाऱ्यांनी दर उघड कधी छापावा, कधी थांबावे?

चैत्र लागला की घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या फाटकांपाशी टेम्पो लागू लागतात. कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली करीत पार ओवळ्यापर्यंत हापूसचे खोके उतरत जातात. दिवाळीनंतर याच फाटकांवर वाड्याच्या कोलम तांदळाच्या गोण्या येतात. ही गावे मुळात भातशेतीची. आता शेते गेली, इमारती आल्या आणि पिकवणारा माणूस गिऱ्हाईक होऊन न राहता विकणारा म्हणून या रस्त्यावर येऊ लागला आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून ही वाट आणखी रुंद झाली.

या विक्रीची पेठ म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथे मालाचा फोटो पडतो, खाली दोन ओळी असतात आणि शेवटी एक वाक्य हमखास असते, "भावासाठी मेसेज करा." आंब्याचा फोटो झकास, पेटीतले गवतसुद्धा दिसते, बागायतदाराचे गाव दिसते. दिसत नाही तो फक्त भाव.

तो का दिसत नाही, असे विचारले तर विकणाऱ्यांकडून साधारण चार कारणे ऐकू येतात. आकडा बघूनच माणूस पळेल, त्यापेक्षा आधी बोलणे तर होऊ दे. शेजारचा बागायतदार बघेल आणि दहा रुपये कमी लावेल. भाव रोज बदलतो, आज छापला तर उद्या अडकू. आणि चौथे कारण जरा हळू आवाजात सांगितले जाते. माणूस बघून भाव सांगता येतो. ही चारही कारणे सारख्या वजनाची नाहीत. त्यांतले एक खरे आहे, दोन अर्धी खरी आहेत आणि एक शेतकऱ्यालाच बुडवणारे आहे. कोणते कोणते, ते पुढे येईलच.

जुनी गोष्ट, नवा रुमाल

भाव झाकून ठेवण्याची रीत आपल्या फळबाजाराला नवी नाही. मोठ्या बाजारांत हापूसच्या पेट्यांचा सौदा रुमालाखाली होण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली. दलाल आणि खरेदीदार हात पुढे करतात, वरून रुमाल टाकला जातो आणि आत बोटांनी आकडा सांगितला जातो. कोणते बोट धरले, किती बोटे दाबली, यावरून शेकडा नि दहाई कळते. आजूबाजूला दहा माणसे उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. ज्याचा माल आहे तो बागायतदार बाजूला उभा असेल तर त्यालाही कळत नाही की कोणी किती मागितले होते. शेवटी पट्टी हातात पडते, तेवढाच त्याचा भाव.

या पद्धतीविरुद्ध शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे तक्रार केली. बाजार समित्यांचा १९६३ चा कायदा आला तो याच विचाराने, की शेतमालाची विक्री सर्वांसमोर, उघड व्हावी. कारण साधे होते. दहा खरेदीदारांना एकमेकांचा आकडा कळला तर चढाओढ होते, भाव चढतो. आकडा झाकला की चढाओढ संपते.

आता गंमत अशी, की रुमालाला कंटाळून थेट विक्रीकडे वळलेला बागायतदार स्वतःच फोनचा रुमाल टाकतो. फरक एवढाच, की या वेळी बाजूला ताटकळत उभे आहे ते गिऱ्हाईक. आणि आकडा माहीत नसलेला माणूस काय करतो, हे बागायतदाराला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक असायला हवे. तो वाईटातले वाईट धरून चालतो. ज्या पोस्टवर भाव नाही ती महागच असणार, असे समजून घरातली बाई पुढच्या पोस्टकडे जाते. ती मेसेज करीतच नाही. म्हणून ती गेली हे विकणाऱ्याला कळतही नाही.

सोसायटीत भाव लपत नाही

चारशे घरांच्या सोसायटीत एकाला खाजगीत सांगितलेला भाव संध्याकाळपर्यंत चाळीस जणांना माहीत असतो. रुमाल बाजारात टिकला, कारण तिथे खरेदीदार एकमेकांचे स्पर्धक होते. सोसायटीत ते शेजारी आहेत. एकाच लिफ्टने वर जातात.

"काकू, तुम्ही कितीला घेतलात?"
"सहाशे पन्नास डझन. तुम्हाला?"
"मला तर सहाशेच सांगितले."

एवढे बोलणे झाले की पहिल्या घरचे गिऱ्हाईक तुटलेच म्हणून समजावे. आंबा साखरेसारखा निघाला तरी पन्नास रुपये लक्षात राहतात. माणूस बघून भाव सांगणे हे जे चौथे कारण, ते शेतकऱ्यालाच बुडवणारे ते यासाठी. रस्त्यावरच्या हातगाडीला ते चालते, कारण तिथले गिऱ्हाईक उद्या भेटेलच असे नाही. सोसायटीचा धंदा हा दर वर्षी त्याच फाटकावर येण्याचा धंदा आहे.

म्हणजे उघड की खाजगी, हा प्रश्न सोसायटीत मुळात उरतच नाही. भाव उघड होतोच. फक्त आपण तो छापला तर तारखेसह, वजनासह, अटींसह फिरतो. नाही छापला तर नुसता आकडा फिरतो, "अमक्याचा आंबा सहाशे पन्नास." कोणत्या आकाराचा, कोणत्या आठवड्यातला, घरपोच की फाटकावर, हे सगळे गळून जाते. ते गळलेले पुन्हा जोडायला बागायतदाराला पन्नास जणांशी स्वतंत्र बोलावे लागते.

आधी भाव स्वतःला माहीत हवा

बऱ्याच वेळा भाव न छापण्याचे खरे कारण वेगळेच असते. विकणाऱ्याने तो नीट काढलेलाच नसतो. समोरचा काय म्हणतो ते बघून आकडा ठरतो. म्हणून छापायचा की नाही हे ठरवण्याआधी कागदावर हिशेब मांडावा. खाली दिलेले आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत. ज्याने त्याने आपले आकडे घालावेत.

समजा, फळ २२५ ते २५० ग्रॅमचे आहे. हाच माल मोठ्या बाजारात पाठवला असता तर भाडे, हमाली आणि इतर कापाकापी जाऊन डझनामागे ४०० रुपये हातात पडले असते. ही झाली पहिली रक्कम, कारण यापेक्षा कमी मिळणार असेल तर थेट विकण्यात अर्थ नाही. त्यावर एक डझनाचा पुठ्ठ्याचा खोका आणि गवत ४५ रुपये. बागेपासून ठाण्यापर्यंतचे भाडे ४५ रुपये. ठाण्यात आल्यावर टेम्पोची घोडबंदर रोडवरची फेरी २,००० रुपयांना पडली आणि त्यात ८० डझन वाटले गेले, तर डझनाला २५ रुपये. वाटेत दबलेले, आत साका निघालेले फळ बदलून द्यावे लागते, त्यापोटी ३० रुपये धरू. फोनवर बोलणे, पैसे जुळवणे, नावे लिहिणे यात घरचा एक माणूस गुंततो, त्याचे २५ रुपये. बेरीज झाली ५७० रुपये.

आता ६०० रुपये भाव लावला तर डझनामागे ३० रुपये बाजारापेक्षा जास्त हाती राहिले. आणि खाजगीत मेसेज आला, "दादा, पन्नास कमी करा ना," आणि दादांनी भिडेखातर केले, तर ५५० रुपये आले. म्हणजे बाजारापेक्षा २० रुपये कमी, वर दगदग ती वेगळीच. हा तोटा मोसम संपेपर्यंत दिसत नाही, कारण पैसे रोज येत असतात. भाव छापला की घासाघीस अगदी बंद होते असे नाही, पण ती कमी होते. जो आकडा सर्वांना दिसतो तो आपल्या एकट्यासाठी बदलणार नाही, हे गिऱ्हाईकही समजून असते.

पण खरी सवलत देण्याजोगे कारण असेल, तर तीही उघड छापता येते. एकाच इमारतीने मिळून २० डझन घेतले आणि फाटकावर एकदाच उतरवून घेतले, तर टेम्पोचे २५ रुपये साधारण निम्म्यावर येतात आणि फोनचे कामही घटते. तिथे ५७५ रुपये भाव लावला तरी बागायतदाराचे काही जात नाही. "एका इमारतीचे २० डझन एकत्र असतील तर ५७५" हा नियम झाला. तो सर्वांना सारखा आहे. खाजगीत एकालाच ५७५ सांगितले तर ती मेहेरबानी झाली, आणि मेहेरबानीची बातमी लिफ्टमधून सर्वांत आधी पसरते.

तीन प्रश्न

हिशेब झाल्यावर छापायचे की थांबायचे, हे तीन प्रश्नांवरून ठरवावे.

पहिला प्रश्न, दोन नग सारखे आहेत का? वाड्याचा कोलम घ्या. पाच किलोची एक पिशवी आणि दुसरी पिशवी यांत फरक नाही. फरक असतो तो नव्या-जुन्या तांदळाचा. जुना तांदूळ वर्षभर घरात ठेवावा लागतो, तो भाताला फुलतो आणि म्हणून महाग असतो. तर दोन ओळी, दोन भाव, विषय संपला. शिवाय पिशवी शिवून किंवा चिकटवून बंद केलेली असेल तर आवेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे तिच्यावर वजन, पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागतेच. जो आकडा पिशवीवर छापलेला आहे तो पोस्टमध्ये झाकून काय साधणार?

हापूसचे तसे नाही. तिथे फळाच्या आकारावर सगळे अवलंबून. जुन्या लाकडी पेटीत पाच डझन बसले तर फळ मोठे, पेटी महाग. त्याच पेटीत सात डझन बसले तर फळ लहान. म्हणून "पेटीचा भाव काय?" या प्रश्नाला एक उत्तर नसते. पण यावर उपाय भाव झाकणे हा नव्हे, तर वजनाप्रमाणे पायऱ्या करणे. तीन पायऱ्या पुरेशा होतात. आणि वजन लिहिल्याशिवाय भाव छापणे हेसुद्धा अर्धे झाकणेच आहे. "हापूस ६०० रुपये डझन" या पाटीखाली १८० ग्रॅमचे फळ असेल तर डझन भरतो २ किलो १६० ग्रॅम, म्हणजे किलोला सुमारे २७८ रुपये पडले. २६० ग्रॅमचे फळ असेल तर डझन ३ किलो १२० ग्रॅम, किलोला सुमारे १९२ रुपये. आकडा तोच, माल दीडपट. शेजाऱ्याने दहा रुपये कमी लावले तर, या भीतीचे उत्तरही इथेच आहे. नुसता आकडा छापला तर त्याचे ५९० आपल्या ६०० ला मारतील. वजन छापले तर त्यालाही वजन सांगावे लागेल. ही भीती म्हणूनच अर्धी खरी.

दुसरा प्रश्न, भाव किती दिवस टिकणार आणि पोस्ट किती दिवस फिरणार? भाव रोज बदलतो हे जे कारण, ते चारांतले खरे. मार्चमध्ये आवक थोडी आणि भाव चढे. अक्षय्य तृतीयेला मागणी उसळते. मे महिना अर्धा झाला की माल भरपूर येतो आणि भाव उतरतो. पावसाच्या पहिल्या सरी आल्या की खेळ आटोपला. पोस्ट मात्र एकीकडून दुसरीकडे जात पंधरा-पंधरा दिवस फिरत राहते. मार्चअखेरचा आकडा मेमध्ये कोणाच्या तरी फोनवर उघडतो आणि "यांचा माल फार महाग बुवा" असे नाव होऊन बसते. उलटही होते. मेमधला उतरलेला भाव दाखवून पुढच्या मार्चमध्ये गिऱ्हाईक हटून बसते.

म्हणून भावापेक्षा तारीख मोठ्या अक्षरांत हवी. "रविवार संध्याकाळपर्यंत नोंदवलेल्या मालास हा भाव" असे एक वाक्य लिहिले की भाव त्या आठवड्यापुरता बांधला गेला. आणि जितके डझन खरोखर हातात आहेत तेवढेच लिहावेत. झाडावरचा आंबा विकायला काढू नये. वादळी वाऱ्याने फळगळ झाली की दिलेला शब्द आणि घेतलेले पैसे दोन्ही गळ्याशी येतात. ज्याला मार्चमध्येच मेच्या मालाची नोंदणी घ्यायची आहे, त्याने पक्का भाव छापू नये. "भाव माल निघेल त्या दिवशीचा, पण अमुक रकमेपेक्षा जास्त नाही" असे वरचे टोक छापावे. तेवढ्याने गिऱ्हाईकाची धास्ती जाते आणि शेतकऱ्याचा हात मोकळा राहतो.

तिसरा प्रश्न, भाव सांगण्याआधी गिऱ्हाईकाकडून काही कळणे खरोखर गरजेचे आहे का? काही वेळा असते. एखाद्या कंपनीला दीडशे खोके भेट म्हणून द्यायचे आहेत, त्यावर त्यांचे नाव छापून हवे, तीन ठिकाणी पोहोचवायचे आहे. लग्नघराला आमरसासाठी पिकलेला, साल डागी असली तरी चालेल असा माल हवा आहे. इथे किती, कधी, कुठे हे कळल्याशिवाय आकडा सांगणे म्हणजे अंदाजपंचे. अशा मालाला "मेसेज करा" हेच योग्य. मात्र तिथेही काय कळवायचे ते लिहावे. "किती डझन, कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर हे कळवा, त्याच दिवशी भाव सांगू." नुसते "भावासाठी मेसेज करा" यात गिऱ्हाईकाला वाटते की आपल्याला जोखले जात आहे. काय हवे ते विचारले की त्याला वाटते, आपले काम होत आहे.

आणखी एका ठिकाणी थांबावे लागते. ज्या बागायतदाराचा निम्मा माल ठाण्यातला एखादा दुकानदार उचलतो, त्याने सोसायटीत दुकानापेक्षा कमी भाव उघड छापला तर दुकानदार पुढच्या खेपेला तोच फोटो पुढे करतो. "तुम्हीच इतक्याला विकता, मग मी जास्त का देऊ?" दलालही तेच करतो. अशा वेळी घरपोच भाव दुकानाच्या विक्रीभावाच्या आसपास ठेवावा, नाहीतर सोसायटीचा आणि दुकानाचा आकार वेगळा करावा. दुकानाला मोठे फळ दिले तर सोसायटीला मधले द्यावे. हे जमत नसेल तर आधी कोणाशी धंदा करायचा ते ठरवावे, मग भाव छापावा.

वही काय सांगते

आता राहिले पहिले कारण. आकडा बघून माणूस पळेल. हे खरे की खोटे, ते तर्काने ठरत नाही. वहीने ठरते. पाच रकाने आखावेत. भाव विचारणारे किती, उत्तर द्यायला लागलेला वेळ, भाव ऐकून गप्प झालेले किती, घासाघीस करणारे किती, पैसे पाठवणारे किती.

समजा, एका ग्रुपवर भाव न लिहिता पोस्ट टाकली आणि ५० मेसेज आले. एकेकाशी तीन मिनिटे धरली तरी अडीच तास गेले. त्यांतले ३० जण आकडा ऐकून गप्प झाले, १२ जणांनी घासाघीस केली, ८ जणांनी घेतले. आकडा छापला असता तर हे ३० जण मेसेजच करते ना. म्हणजे गिऱ्हाईक गेले नाही, दीड तास वाचला. "आधी बोलणे तर होऊ दे" हे कारण तेव्हाच खरे, जेव्हा बोलल्यामुळे माणूस घेतो. गप्प झालेल्यांपैकी कोणी बोलण्याने परत येत असेल तर तेही वहीत दिसेल.

पण गप्प होण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि त्यांत गल्लत होऊ नये. बागायतदार पहाटेपासून तोडणीला गेलेला असतो. बागेत रेंज नसते. सकाळी आठला विचारलेला भाव तो रात्री आठला सांगतो. तोवर त्या घराने मानपाड्याच्या नाक्यावरून हातगाडीचा आंबा घेतलेला असतो. हा माणूस भावाला भिऊन गेला नाही, वाट बघून गेला. म्हणून वेळेचा रकाना हवा. उशिरा उत्तर गेलेल्यांतच गप्प झालेले जास्त निघाले, तर भाव छापण्याइतका दुसरा सोपा उपाय नाही. छापलेला भाव बागायतदार झाडावर असतानाही उत्तर देत असतो.

तुलना करताना आणखी एक काळजी घ्यावी. या आठवड्यात न छापता आणि पुढच्या आठवड्यात छापून पाहिले तर काहीच कळणार नाही, कारण मधल्या काळात भाव उतरलेला असतो आणि विक्री त्यामुळेही वाढते. त्यापेक्षा साधारण सारख्याच दोन सोसायट्या घ्याव्यात, एकीत छापावा, दुसरीत नाही. दिवस तोच, भाव तोच, फोटो तोच. दोन रविवार असे केले आणि दुसऱ्या रविवारी सोसायट्यांची अदलाबदल केली, की वही बोलू लागते.

वहीत असेही निघू शकते की छापल्यावर विचारणारे घटले आणि घेणारेही घटले. तेव्हा दोष छापण्याचा नाही, भाव खरोखर जास्त आहे किंवा तो जास्त का आहे हे पोस्टमध्ये दिसत नाही. वजन, अढीतला माल, बदलून देण्याची हमी, घरपोच, यांतले काय लिहायचे राहिले ते आधी बघावे. तरीही फरक पडला नाही तर आकड्याकडे वळावे.

भावासोबत हमी

पाटीवर भाव लिहून सर्वांना एकच दर, ही रीत जगातही फार जुनी नाही. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको या दुकानदाराने १८५२ पासून ल बाँ मार्शे हे दुकान वाढवले, ते ठरलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या आणि पसंत नसेल तर माल परत या दोन गोष्टींवर. या दोन्ही जोडीनेच चालतात. घासाघीस करणारा माणूस खरे तर फसवले जाण्याचा विमा उतरवत असतो. भाव पक्का केला तर त्याचा तो विमा काढून घेतला जातो, म्हणून बदल्यात दुसरा द्यावा लागतो. आंब्याला तो सोपा आहे. "साका किंवा सडका निघाला तर फळाला फळ. कापलेल्या फळाचा फोटो दोन दिवसांत पाठवा." यासाठीच वरच्या हिशेबात डझनामागे ३० रुपये धरलेले आहेत.

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत कळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विकणाऱ्याने सर्व आकार धरून एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी, असे म्हटले आहे. घरातली जुनी वस्तू कधीतरी विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, पण नियमितपणे धंदा म्हणून विकणाऱ्याला ती पळवाट नाही. म्हणून ६०० रुपये छापून फाटकावर "घरपोचचे पन्नास वेगळे" म्हणणे बरे नव्हे. वाटप धरूनच आकडा लिहावा.

एवढे सगळे एका पोस्टमध्ये कसे बसवायचे, असे कोणी विचारील. बसते. नमुना म्हणून हा मजकूर पाहावा. आकडे अर्थातच आपापले घालावेत.

"हापूस, स्वतःच्या बागेचा. तोडणी गुरुवारची, अढीत घातलेला, चार-पाच दिवसांत खाण्याजोगा होईल.
२०० ते २२५ ग्रॅम, ५२० रुपये डझन.
२२५ ते २५० ग्रॅम, ६०० रुपये डझन.
२५० ते २७५ ग्रॅम, ६९० रुपये डझन.
भाव घरपोच. रविवार संध्याकाळी सातपर्यंतच्या नोंदणीस. एकूण ८० डझन.
एका इमारतीचे २० डझन एकत्र असतील तर मधल्या आकारास ५७५ रुपये.
साका किंवा खराब फळ बदलून मिळेल.
लग्नकार्य, भेटीचे खोके यासाठी संख्या, तारीख आणि पत्ता कळवा."

यात मेसेज करा हे शब्द गेले नाहीत. ते फक्त शेवटच्या ओळीत, जिथे त्यांचे काम आहे तिथे सरकले. रविवारी सातला नोंदणी बंद झाली की त्याच पोस्टखाली "नोंदणी पूर्ण, पुढचा भाव बुधवारी" एवढे लिहावे. जुनी पोस्ट पुढे कुणाकडे गेली असेल तरी तारीख तिच्यातच आहे. आणि बुधवारी भाव उतरला असेल तर तोही तसाच छापावा. उतरलेला भाव ज्याने स्वतःहून सांगितला, त्याचा चढलेला भाव पुढच्या चैत्रात लोक फारशी कुरकुर न करता देतात.